कॉलवर कुणीच आलं नाही, आता काय लिहायचं?

ऑनलाइन मुलाखतीची वेळ उलटून दहा मिनिटं झाली आणि पडद्यावर तुमचा एकट्याचाच चेहरा दिसतोय, तेव्हा मनात पहिला विचार येतो तो असा: ‘ते आलेच नाहीत.’ तो खरा असेलही, पण त्या क्षणी तुम्हाला तेवढं माहीत नसतं. अमुक वेळी, अमुक लिंकवर तुम्ही होता आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं, एवढंच खात्रीने सांगता येतं. पाठपुराव्याचा मेल याच माहितीवर उभा राहिला, तर त्यात आरोपाचा सूर येत नाही. ‘ते आले नाहीत’ या निष्कर्षावर उभा राहिला, तर कितीही नम्र शब्द पेरले तरी तो सूर लपत नाही.

भरतीच्या कामात हे प्रसंग सतत दिसतात. त्यातला एक नीट उलगडून सांगते, कारण त्यात जवळपास सगळं आलं आहे. नाशिकच्या एका मुलीची मुंबईतल्या एका कंपनीत लेखा विभागातल्या जागेसाठी दुसरी फेरी होती. बुधवार, 11 मार्च, दुपारी 4 ते 4:45. मुलाखत घेणार होते वित्त विभागाचे व्यवस्थापक आणि जुळवाजुळव करत होत्या एचआरमधल्या एक मॅडम. सोमवारी निमंत्रण आलं, त्यात गूगल मीटची लिंक होती. मुलगी 3:55 ला आत गेली. आत ती एकटीच होती. 4:10 ला तिने मॅडमना व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या, साडेचारपर्यंत थांबली, मग कॉल बंद केला आणि 4:40 ला मेल पाठवला.

पलीकडे काय झालं होतं? मंगळवारी व्यवस्थापकांनी ‘मला टीम्सवर सोयीचं पडेल’ असं कळवलं. मॅडमनी नवं निमंत्रण तयार केलं, पण त्यात उमेदवाराचा पत्ता घालताना एक अक्षर चुकलं, आणि जुनं निमंत्रण रद्द करायचं राहून गेलं. त्यामुळे मुलीच्या कॅलेंडरमध्ये मीटची लिंक जिवंतच राहिली. चार वाजता व्यवस्थापक टीम्सवर एकटे बसले होते. सोळा मिनिटं वाट पाहून त्यांनी मॅडमना लिहिलं, ‘उमेदवार आली नाही,’ आणि ते दुसऱ्या कामाला लागले. दोघंही वेळेवर हजर होते, दोघांनीही वाट पाहिली, आणि दोघांच्याही लेखी समोरचा माणूस गैरहजर होता.

मॅडम पाचपर्यंत दुसऱ्या बैठकीत होत्या. बाहेर आल्यावर त्यांच्यासमोर तीन गोष्टी होत्या: मुलीचा 4:10 चा व्हॉट्सॲप, व्यवस्थापकांचा 4:16 चा निरोप आणि मुलीचा 4:40 चा मेल. व्यवस्थापकांचा निरोप एकटाच असता तर काय झालं असतं? बहुतेक ठिकाणी उमेदवारांची नोंद एका तक्त्यात ठेवतात. तिथे या नावापुढे ‘नो-शो’ पडलं असतं. मुलाखतीला न येणारे उमेदवार इतके असतात की अशी नोंद करताना सहसा कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. म्हणून मी सांगते, पहिला निरोप लगेच, कॉल चालू असतानाच जायला हवा. तक्रार नोंदवणं हा त्याचा हेतू नसतो. तुम्ही आला होता याची लेखी खूण, कुणी काही ठरवून टाकण्याआधी, योग्य माणसाकडे पोचावी एवढ्यासाठी तो असतो.

लिहायच्या आधी मात्र दोन-तीन मिनिटं तपासणीत घालवा. निमंत्रण पुन्हा उघडा आणि तारीख, वार, वेळ वाचा. मेलबॉक्समध्ये, स्पॅमसकट, कंपनीच्या नावाने शोधा. बदललेलं निमंत्रण किंवा ‘थोडा उशीर होतोय’ अशी ओळ तिथे पडलेली असू शकते. मग आपण नेमके कुठे आहोत ते बघा. आपण कॉलच्या आत एकटे आहोत, की बाहेर, कुणीतरी आत घेण्याची वाट पाहतोय? हा फरक मोठा आहे आणि उमेदवार तो क्वचितच सांगतात. आत एकटे असाल तर त्या लिंकवर दुसरं कुणी आलेलं नाही हे उघड आहे. बाहेर असाल तर दोन शक्यता राहतात: आत कुणीच नाही, किंवा आत माणूस बसलाय पण तुमची विनंती त्याच्या नजरेला पडलेली नाही. दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त वेळा खरी निघते. निमंत्रण तुमच्या वैयक्तिक जीमेलवर आलेलं असतं, पण लॅपटॉपवर सध्याच्या ऑफिसचं खातं उघडं असतं. मग मीटला तुम्ही निमंत्रित म्हणून ओळखू येत नाही आणि तुम्हाला दारात उभं केलं जातं. अशा वेळी योग्य खात्यातून पुन्हा आत जाऊन बघितलं की प्रश्न तिथेच सुटतो.

मुलाखत घेणारी व्यक्ती परदेशात असेल तर घड्याळाचा घोटाळा आधी तपासा. भारताची वेळ वर्षभर एकच असते. अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि युरोपात हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 10 म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे 8:30, उन्हाळ्यात 7:30. कॅलेंडरमधून आलेलं निमंत्रण हे गणित आपोआप करतं, पण मेलमध्ये हाताने टाइप केलेली वेळ करत नाही. फेब्रुवारीत कुणी ‘तुमचे रात्रीचे साडेआठ’ असं लिहून ठेवलं आणि मुलाखत मार्चच्या मध्यावर पडली, की एक जण तासभर आधी येऊन निघून गेलेला असतो. त्या तासाला तुम्ही गैरहजर होता, असं त्याच्याकडे लिहिलेलं असेल. हे ध्यानात असलं की मेलची भाषा आपोआप सावध होते. देशातल्या देशातही एक गोष्ट बघायला हवी, ती म्हणजे त्या गावची सुट्टी. 1 नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते, आपल्याकडे नसते. बंगळुरूच्या कंपनीने अनवधानाने त्या दिवशीची मुलाखत ठेवली, तर ती कुणालाच आठवणार नाही.

तपासून झालं, वेळ दहा मिनिटं उलटली, की निरोप पाठवा. कुणाला? ज्याच्या नावाने निमंत्रण आलं त्याला, म्हणजे बहुधा एचआर किंवा मध्यस्थ कन्सल्टन्सीला. मुलाखत घेणाऱ्याला नाही. त्याचा नंबर असला तरी नाही, आणि लिंक्डइनवर शोधून तर अजिबात नाही. मुलाखत घेणारा माणूस सहसा भरतीचं काम करत नसतो. तो इंजिनिअर असतो, लेखापाल असतो, शाखेचा प्रमुख असतो आणि मुलाखती हे त्याच्या नेहमीच्या कामावर चढलेलं ओझं असतं. आधीची बैठक लांबली, कुठे काही बंद पडलं म्हणून बोलावणं आलं, तर सगळ्यात आधी मुलाखतच बाजूला पडते. त्याला थेट गाठलं तर तो कोपऱ्यात सापडल्यासारखा होतो. एचआरला कळवलं तर फोन करून विचारणं हे त्यांचं रोजचंच काम असतं. लहान कंपनीत मालकानेच स्वतः निमंत्रण पाठवलेलं असेल, तर अर्थात त्यालाच लिहायचं.

हा पहिला निरोप व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसने चालतो आणि तो दोन ओळींचाच असावा:

‘नमस्कार मॅडम, 4 वाजताच्या मुलाखतीसाठी मी मीटच्या लिंकवर आले आहे. सध्या कॉलमध्ये मी एकटीच आहे. लिंक हीच आहे ना, एवढं कृपया बघाल का? मी 4:30 पर्यंत इथेच आहे.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आपण कधीपर्यंत थांबणार ते सांगितलं की पलीकडच्याला धावपळ करायला मुदत मिळते, आणि साडेचारला कॉल बंद करताना तुमच्याही मनाला रुखरुख लागत नाही. पाऊण तासाच्या मुलाखतीसाठी अर्धा तास थांबणं पुरेसं आहे. त्यानंतर कुणी आलंच तर उरलेल्या पंधरा मिनिटांत धड मुलाखत होत नाही. या काळात एक फोन करायलाही हरकत नाही. पण एकच. लागोपाठचे पाच मिस्ड कॉल दिसले, की त्यातली घाई आणि चीड शब्दांशिवायच कळते.

आता मेल. आधी एक असा मेल बघू, जो वैतागलेला माणूस अगदी स्वाभाविकपणे लिहितो:

‘मॅडम, आजच्या मुलाखतीसाठी मी वेळेवर हजर होते. मात्र बराच वेळ वाट पाहूनही मुलाखत घेणारे सर कॉलवर आले नाहीत. मी आपल्यालाही मेसेज केला होता, परंतु अद्याप उत्तर मिळालेलं नाही. या मुलाखतीसाठी मी खास रजा घेतली होती. कृपया याबाबत खुलासा करावा.’

यात एकही शब्द उद्धट नाही, आणि लिहिणारीचं म्हणणं तिच्या बाजूने खरंच आहे. तरी नाशिकच्या मुलीने हा मेल पाठवला असता तर घोटाळा झाला असता. एचआरकडे आलेला मेल तिथेच थांबत नाही. ‘जरा बघता का’ असं म्हणून तो जसाच्या तसा मुलाखत घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे टीम्सवर सोळा मिनिटं एकटे बसलेल्या व्यवस्थापकांनी वाचलं असतं, ‘सर कॉलवर आले नाहीत.’ तेच पुढे शनिवारी हिची मुलाखत घेणार होते. म्हणून लिहिताना मी नेहमी एक कसोटी सुचवते: हा मेल मुलाखत घेणाऱ्यासमोर ठेवला तर त्याला स्वतःचा बचाव करावासा वाटेल का? वाटणार असेल, तर कुठलं वाक्य त्याला कारण आहे ते शोधायचं.

वरच्या मेलमध्ये तशी वाक्यं सापडतात. ‘सर आले नाहीत’ हा दुसऱ्याच्या वागण्याबद्दलचा दावा आहे. ‘कॉलमध्ये मी एकटीच होते’ ही स्वतः पाहिलेली गोष्ट आहे. दोन्हींचा अर्थ एचआरला सारखाच कळतो, पण दुसऱ्या वाक्याला कुणी खोडून काढू शकत नाही आणि ते कुणाला बोचतही नाही. ‘बराच वेळ वाट पाहूनही’ या शब्दांत वेळ किती ते कळत नाही, राग तेवढा कळतो. तिथे ‘3:55 ते 4:30’ लिहिलं की राग जातो आणि माहिती येते. ‘मात्र’, ‘तरीही’, ‘अद्याप’, ‘वाट पाहूनही’ मधला ‘ही’, हे सगळे छोटे शब्द समोरच्याने काय करायला हवं होतं ते सुचवत राहतात. मेल लिहून झाला की ते शोधून काढून टाका. बहुतेक वेळा वाक्य त्यांच्याशिवाय सरळ उभं राहतं. ‘खुलासा करावा’ हे तर कार्यालयीन नोटिशीचं वाक्य आहे. तुम्हाला खुलासा नको आहे, मुलाखतीची नवी वेळ हवी आहे. मग तीच मागा.

रजेचं काय? अर्धा दिवस रजा टाकणं ही खरी अडचण आहे आणि ती गिळून टाका असं मी म्हणणार नाही. पण ती झालेल्या नुकसानाच्या रूपात मांडण्यापेक्षा पुढच्या वेळेच्या अटीच्या रूपात मांडावी. ‘खास रजा घेतली होती’ याला एचआर फक्त ‘सॉरी’ म्हणू शकतात. ‘कामाच्या दिवशी मला संध्याकाळी 6 नंतर किंवा सकाळी 9 च्या आधी सोपं पडेल’ याच्यावर त्या काहीतरी करू शकतात.

त्या मुलीने पाठवलेल्या मेलचा आशय असा होता. मूळ मेल इंग्रजीत होता, बहुतेकांचा तसाच जाईल, पण मांडणी हीच राहते.

‘विषय: बुधवार 11 मार्च, दुपारी 4 ची मुलाखत (लेखा विभाग, दुसरी फेरी)

नमस्कार मॅडम,
आजच्या मुलाखतीसाठी मी सोमवारी आलेल्या निमंत्रणातल्या गूगल मीटच्या लिंकवर 3:55 ते 4:30 होते. कॉलमध्ये मी एकटीच होते. वेळेत किंवा लिंकमध्ये काही बदल झाला असेल तर तो माझ्या पाहण्यात आलेला नाही, कृपया कळवावे.
मुलाखत पुन्हा ठरवता येणार असेल तर मला गुरुवारी 12 तारखेला संध्याकाळी 6 नंतर, शुक्रवारी 13 तारखेला सकाळी 9 च्या आधी किंवा शनिवारी 14 तारखेला कधीही जमेल. यातलं काही सोयीचं नसेल तर आपण वेळ सुचवावी.
धन्यवाद.’

यातला सगळ्यात कामाचा भाग कुठला? ‘सोमवारी आलेल्या निमंत्रणातल्या गूगल मीटच्या लिंकवर’. एवढे शब्द वाचताच मॅडमच्या लक्षात आलं की ही जुनी लिंक आहे. त्यांनी मंगळवारचं निमंत्रण उघडलं, पत्त्यातली चूक दिसली, आणि पाच मिनिटांत व्यवस्थापकांना कळवलं की गडबड आमच्याकडून झाली. मुलीने ‘दिलेल्या लिंकवर’ असं मोघम लिहिलं असतं तर हे शोधायला दोन-तीन मेल जास्त गेले असते, आणि मधल्या काळात ‘उमेदवार आली नाही’ हेच खरं मानलं गेलं असतं. बदल ‘पाठवला नाही’ असं न म्हणता ‘माझ्या पाहण्यात आलेला नाही’ असं म्हटलं, हेही बघा. बदल पाठवला होता की नव्हता ते तिला माहीत नव्हतं. तीन वेळा वारासकट दिल्या, त्यामुळे मॅडमना फक्त व्यवस्थापकांचं कॅलेंडर बघून एक निवडायची होती.

आरोप टाळायच्या भरात काही जण उलट टोकाला जातात, आणि मला वाटतं आपल्याकडे ही चूक आरोपापेक्षा जास्त होते. ‘माझ्याकडूनच काही चूक झाली असेल तर क्षमस्व’, ‘कदाचित माझ्या नेटला प्रॉब्लेम असावा’, ‘आपला अमूल्य वेळ वाया गेला याबद्दल दिलगीर आहे’. ही नम्रता नाही, ही चुकीची माहिती आहे. घाईत मेल वाचणारा त्यातून एवढंच उचलतो की उमेदवाराचं नेट बंद होतं, आणि तक्त्यात तसंच लिहितो. तुमचं नेट नीट चालत असेल तर तो उल्लेखच नको. खरंच तुमची चूक सापडली, म्हणजे तासाचा फरक तुम्हीच चुकीचा मोजला होता, तर मात्र ती एका वाक्यात सरळ कबूल करा आणि पुढच्या वेळा द्या.

स्क्रीनशॉट घ्यावा का? घ्यावा, वेळ दिसेल असा, आणि स्वतःजवळ ठेवावा. पहिल्या मेलला तो जोडला तर पुरावा सादर केल्यासारखं होतं; अजून कुणी तुमच्यावर शंका घेतलेली नाही. लिंक उघडतानाच त्रुटीचा संदेश आला असेल, तर तो मात्र जरूर जोडा, कारण त्यावरून पलीकडच्याला दुरुस्ती करता येते. आणि पुढे कुणी ‘आमच्या नोंदीप्रमाणे आपण आला नव्हता’ असं कळवलं, तर तोच स्क्रीनशॉट ‘माहितीसाठी सोबत जोडत आहे’ एवढ्याच शब्दांनिशी पाठवा.

मेलला उत्तर आलं नाही तर? दोन पूर्ण कामाचे दिवस जाऊ द्या. बुधवारी लिहिलं असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थांबा आणि सोमवारी सकाळी लिहा. त्याच मेलला उत्तर म्हणून लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला खाली सगळी हकीकत दिसते आणि ती तुम्हाला पुन्हा सांगावी लागत नाही. ती पुन्हा सांगताना दर वेळी सूर थोडा चढतोच. तीन ओळी पुरतात: बुधवारच्या मुलाखतीबद्दल विचारत आहे, आधी दिलेल्या वेळा निघून गेल्यामुळे नव्या देत आहे, ही जागा अजून खुली आहे का तेही कळवावं. हा शेवटचा प्रश्न निमूटपणे मोठं काम करतो. कधी कधी मुलाखतीला कुणी न येण्याचं कारण असं असतं की जागाच गोठवली गेली, किंवा दुसऱ्या कुणाला पत्र गेलं, आणि तुम्हाला कळवायचं राहिलं. ते सांगणं एचआरला जड जातं. तुम्ही स्वतः विचारलंत की त्यांना एका ओळीत उत्तर देता येतं.

त्यानंतर आणखी आठवडाभराने एक शेवटचा निरोप, शक्यतो वेगळ्या मार्गाने. मेल केले असतील तर फोन करा, कन्सल्टन्सीमार्फत आला असाल तर त्यांना विचारायला सांगा. तिथेही शांतता असेल तर थांबा. चौथ्या मेलने उत्तर मिळालेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

दुसऱ्यांदा ठरलेल्या वेळेलाही कुणी आलं नाही तर गोष्ट वेगळी होते. एकदा झालं तर त्यावरून कंपनीबद्दल काहीच ठरवता येत नाही. दोनदा झालं तर मेल न लिहिता फोनवर सरळ विचारावं: ‘दोन वेळा भेट होऊ शकली नाही. सध्या सरांना वेळ काढणं अवघड जातंय का? तसं असेल तर महिनाअखेरीला ठेवू या, किंवा दुसरं कुणी मुलाखत घेऊ शकत असेल तर मला चालेल.’ तिसऱ्यांदा वेळ द्यायची की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय, आणि नाही म्हणायचं असेल तर तेही दोन ओळींत, कारणांची यादी न देता म्हणता येतं.

आता उशिरा येणाऱ्यांबद्दल. तो प्रसंग जास्त नाजूक असतो, कारण मुलाखत झालेली असते पण पुरी झालेली नसते. समजा 45 मिनिटांच्या मुलाखतीला ते 25 मिनिटं उशिरा आले. ते माफी मागतील, तेव्हा ‘काही हरकत नाही, आपली भेट झाली हे बरं झालं’ असं एकदाच म्हणा आणि लगेच विचारा, ‘आपल्याकडे आता किती वेळ आहे?’ या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. काहींना पुढे मोकळा वेळ असतो आणि मुलाखत पूर्ण होते. वीसच मिनिटं असतील तर तुम्हाला उत्तरं आटोपशीर देता येतात, आणि ‘मग कुठल्या भागापासून सुरुवात करू या?’ असं विचारून मुख्य विषय आधी घेता येतो. न विचारता तुम्ही नेहमीच्या संथ गतीने स्वतःची ओळख सांगत बसलात, तर ती संपेपर्यंत कॉल संपायची वेळ येते.

मुलाखतीनंतर घेणाऱ्याला एक अभिप्राय भरायचा असतो. कामाचं ज्ञान, प्रश्न सोडवण्याची पद्धत, संवाद, अशा रकान्यांत गुण किंवा शेरे लिहायचे असतात. मुलाखत अर्ध्यात संपली की काही रकाने मोकळे राहतात किंवा अंदाजाने भरले जातात. आठवड्याने निर्णयाच्या बैठकीत तो कागद वाचणाऱ्याला मुलाखत वीसच मिनिटं झाली हे ठाऊक नसतं. त्याला फक्त बेताचे गुण दिसतात. म्हणून त्याच दिवशी एचआरला मेल जायला हवा, आणि त्यात उशिराबद्दल नव्हे, राहिलेल्या विषयांबद्दल लिहायचं असतं:

‘आज सरांशी 4:25 ते 4:45 बोलणं झालं. माझ्या आधीच्या कामाबद्दल सविस्तर चर्चा झाली. जीएसटी विवरणपत्रं आणि लेखापरीक्षणाचा भाग वेळेअभावी राहिला. सरांना उपयोगी वाटत असेल तर त्यासाठी 20 मिनिटं पुन्हा बोलायला मला आवडेल. गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी 6 नंतर मी मोकळी आहे.’

उशीर कुणाला झाला हे यात कुठेच नाही, पण 4:25 हा आकडा आहे, आणि ज्याला समजायचं त्याला तो समजतो. मुलाखत घेणाऱ्यालाही हा मेल वाचताना अवघडल्यासारखं होत नाही; उलट अर्धवट अभिप्राय भरण्यातून त्याची सुटका होते. नाही म्हणाले तरी तुमच्या फाइलमध्ये एवढं राहतं की अमुक भाग विचारलाच गेला नव्हता.

कधी एचआर कळवतात, ‘पुन्हा बोलायची गरज नाही, सरांना पुरेसं कळलं आहे.’ हे चांगलं लक्षण असू शकतं, वाईटही असू शकतं. त्यावरून अंदाज बांधू नका आणि पुन्हा आग्रहही धरू नका. राहिलेल्या विषयावर तुमच्याकडे दाखवण्यासारखं एक पान असेल, उदाहरणार्थ तुम्ही बसवलेल्या ताळमेळाच्या पद्धतीचं टिपण, तर तेवढं पाठवायची परवानगी विचारा. सध्याच्या कंपनीचे आकडे किंवा ग्राहकांची नावं मात्र त्यात येता कामा नयेत.

नाशिकच्या मुलीची मुलाखत शनिवारी सकाळी अकराला झाली. मॅडमनी शुक्रवारी निमंत्रण पाठवलं तेव्हा तिने ते स्वीकारलं आणि उत्तरात एकच ओळ लिहिली, ‘शनिवार 14 तारीख, सकाळी 11, टीम्सची ही लिंक, असं मला मिळालं आहे.’ आदल्या दिवशीची ही एक ओळ लिंकची आणि वेळेची अशी बहुतेक गडबड आधीच पकडते. कॉल सुरू झाल्यावर व्यवस्थापक म्हणाले, ‘त्या दिवशी आपला गोंधळच झाला, मी तिकडे बसून होतो.’ ती म्हणाली, ‘हो सर, मी मीटवर होते. आज जमलं ते छान झालं,’ आणि त्यांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळली.